व्याजदर ठरवताना महागाईचा कोणता आकडा धरावा

2022-23 आणि 2023-24 या दोन आर्थिक वर्षांतील महागाईचे भारतीय आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर ते एकाच देशाचे आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. पहिल्या वर्षी ग्राहक किंमत निर्देशांकानुसार महागाईचा सरासरी दर 6.7 टक्के होता आणि दुसऱ्या वर्षी तो 5.4 टक्क्यांवर आला. म्हणजे घरखर्चाच्या दृष्टीने थोडा दिलासा मिळाला, पण भाववाढ सरली असे कोणालाही म्हणता आले नसते. याच काळात जीडीपी डिफ्लेटर, म्हणजे चालू किमतींवरचा जीडीपी आणि स्थिर किमतींवरचा जीडीपी यांच्या गुणोत्तरातून निघणारा दर, सुमारे 8.3 टक्क्यांवरून सुमारे 1.3 टक्क्यांवर घसरला. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर फेब्रुवारी 2023 पासून 6.5 टक्क्यांवर होता. ग्राहक निर्देशांकाने मोजल्यास महागाई वजा जाता खरा व्याजदर जेमतेम एक टक्का भरत होता, आणि डिफ्लेटरने मोजल्यास तो पाच टक्क्यांच्या वर जात होता. पहिल्या हिशेबाने पतधोरण सौम्यच होते, तर दुसऱ्या हिशेबाने ते उद्योगांचा गळा आवळणारे होते.

त्यामुळे कोणता निर्देशांक धरावा, हा प्रश्न केवळ संख्याशास्त्रज्ञांच्या आवडीचा राहत नाही. गृहकर्जाचा हप्ता, मुदत ठेवीवरचे व्याज, लघुउद्योगाला मिळणाऱ्या खेळत्या भांडवलाचा दर, हे सारे त्यावर अवलंबून असते. कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. 2016 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली, सहा सदस्यांची पतधोरण समिती नेमण्यात आली आणि ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित चार टक्के हे उद्दिष्ट, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मुभा ठेवून, अधिसूचित झाले. हे उत्तर बदलावे असा आग्रह मात्र गेली काही वर्षे वाढत आहे. जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्थिक पाहणी अहवालाने तर अन्नपदार्थ वगळून महागाईचे उद्दिष्ट ठरवण्याचा विचार व्हावा, अशी उघड सूचना केली. माझे मत असे आहे की उद्दिष्ट संपूर्ण ग्राहक निर्देशांकाचेच राहिले पाहिजे. अन्न आणि इंधन वगळून काढलेली गाभा महागाई त्या उद्दिष्टाकडे जाताना उपयोगी पडणारे साधन आहे, उद्दिष्टाची जागा ती घेऊ शकत नाही. डिफ्लेटर तर या कामासाठी बनलेलाच नाही.

डिफ्लेटरची बाजू मांडणारे एक मुद्दा नेहमी सांगतात आणि तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. ग्राहक निर्देशांक ठरावीक वस्तूंच्या टोपलीवर बेतलेला असतो, डिफ्लेटरमध्ये मात्र संपूर्ण अर्थव्यवस्था येते, यंत्रे येतात, सरकारी खर्च येतो, निर्यात येते, आणि वस्तूंचे वजनही जुन्या पाहणीवर अडकून न राहता दरवर्षी बदलत जाते. हे सगळे खरे आहे. परंतु डिफ्लेटर नेमके काय मोजतो, हे एका उदाहरणाने तपासून पाहावे.

समजा, इचलकरंजीतील एक कापड कारखाना आयात केलेला कापूस वापरतो. गेल्या वर्षी त्याने 100 रुपयांचे कापड विकले आणि त्यासाठी 60 रुपयांचा कापूस लागला, म्हणजे मूल्यवर्धन 40 रुपये झाले. यंदा कापड तेवढेच विणले गेले आणि कापूसही तेवढाच लागला, पण जागतिक बाजारात कापूस 20 टक्क्यांनी उतरल्यामुळे त्याचा खर्च 48 रुपयांवर आला आणि कापडाचा भाव 5 टक्क्यांनी उतरून विक्री 95 रुपयांची झाली. आता मूल्यवर्धन 47 रुपये आहे. उत्पादनात काडीचीही वाढ झालेली नाही, म्हणून स्थिर किमतींवरचे मूल्यवर्धन 40 रुपयेच असायला हवे. पण भारतात उत्पादन क्षेत्रासाठी वर्षानुवर्षे वापरली गेलेली एकेरी पद्धत अशी की, मूल्यवर्धनाच्या 47 रुपयांना थेट तयार मालाच्या किंमत निर्देशांकाने भागायचे. मालाची किंमत 5 टक्क्यांनी घटलेली असल्याने 47 भागिले 0.95 असे करून 49.5 रुपये येतात. कागदावर कारखान्याची वाढ जवळजवळ 24 टक्के दिसते आणि डिफ्लेटर उणे 5 टक्के दिसतो.

2023-24 मध्ये काहीसे असेच घडले. घाऊक किंमत निर्देशांक त्या वर्षी सरासरीने 0.7 टक्क्यांनी घसरला होता आणि आपल्या राष्ट्रीय लेखांकनात उत्पादनाच्या बऱ्याच मोठ्या भागाचे स्थिर किमतींवर रूपांतर घाऊक किमतींच्याच आधारे होत होते. धातू, रसायने, खनिज तेल यांचे भाव उतरले, डिफ्लेटर त्यांच्यामागोमाग खाली आला आणि वाढीचा दर फुगल्याची शंका अनेक अर्थतज्ज्ञांनी बोलून दाखवली. आदल्या वर्षी घाऊक महागाई 9.4 टक्के होती, तेव्हा हाच डिफ्लेटर ग्राहक महागाईच्याही वर चढून बसला होता.

यावर कोणी म्हणेल की दोष मोजण्याच्या पद्धतीचा आहे, ती सुधारली की प्रश्न मिटेल. कच्चा माल आणि तयार माल यांच्यासाठी वेगवेगळे निर्देशांक वापरण्याची दुहेरी पद्धत आणण्याकडे सांख्यिकी मंत्रालयाने पाऊल टाकले आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. तरीही तीच पद्धत वरच्या कारखान्याला लावून पाहा. स्थिर किमतींवरचे मूल्यवर्धन आता अचूक, म्हणजे 40 रुपये येते. मग त्या मूल्यवर्धनाचा डिफ्लेटर 47 भागिले 40, म्हणजे अधिक 17.5 टक्के निघतो. पद्धत चुकीची होती तेव्हा डिफ्लेटर उणे पाच दाखवत होता, पद्धत बिनचूक झाली तेव्हा तो साडेसतरा टक्क्यांची वाढ दाखवतो, आणि कापड विकत घेणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही वेळा कापड पाच टक्क्यांनी स्वस्तच मिळालेले आहे. कापूस देशातच पिकलेला असता तर शेतकऱ्याच्या मूल्यवर्धनाचा डिफ्लेटर घसरून या वाढीची भरपाई झाली असती. कापूस आयातीचा असल्याने ती भरपाई होत नाही.

खरी गोम इथे आहे. डिफ्लेटर हा देशात निर्माण झालेल्या मूल्याचा भाव आहे, देशातल्या माणसांनी विकत घेतलेल्या वस्तूंचा तो भाव नाही. आयात वस्तू त्यातून वजा होतात. ज्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते आणि खाद्यतेलाचाही निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो, त्या देशात या फरकाचे परिणाम लहान नसतात. बाहेरून आणलेल्या वस्तूचे भाव चढले आणि इथल्या विक्रेत्याने ती वाढ पूर्णपणे ग्राहकावर टाकली नाही, तर त्याचा नफा घटतो आणि डिफ्लेटर खाली येतो. ग्राहक जास्त पैसे मोजत असतानाच हा निर्देशांक महागाई ओसरल्याची खबर देऊ शकतो. अशा आकड्यावर व्याजदर ठरवणे हे मला सरळसरळ चुकीचे वाटते.

त्यात वेळेचा प्रश्नही आहेच. ग्राहक निर्देशांक दर महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास जाहीर होतो. डिफ्लेटर तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी हाती येतो आणि त्यानंतर वर्षानुवर्षे सुधारला जातो. 2023-24 साठी मे 2024 मध्ये आलेल्या अंदाजात स्थिर किमतींवरची वाढ 8.2 टक्के आणि चालू किमतींवरची वाढ 9.6 टक्के होती. फेब्रुवारी 2025 मधील सुधारित अंदाजात हे आकडे 9.2 टक्के आणि 12 टक्के झाले. म्हणजे त्या वर्षाचा डिफ्लेटर सुमारे 1.3 टक्क्यांवरून सुमारे 2.6 टक्क्यांवर, जवळपास दुपटीने, वर गेला. पतधोरण समितीने मे 2024 मधील आकडा प्रमाण मानून निर्णय घेतला असता, तर नऊ महिन्यांनी त्या निर्णयाचा पायाच निसटला असता. डिफ्लेटरची खरी जागा अर्थसंकल्पात आहे. करांचे उत्पन्न, राजकोषीय तुटीचे आणि सरकारी कर्जाचे जीडीपीशी प्रमाण ही सगळी गणिते चालू किमतींवरच्या जीडीपीवर चालतात, आणि तिथे डिफ्लेटर घसरला तर अर्थमंत्रालयाने चिंता करायलाच हवी.

गाभा महागाईचा दावा याहून पुष्कळ भक्कम आहे आणि त्याला उत्तरही अधिक काळजीपूर्वक द्यावे लागते. तो दावा असा: रेपो दर वाढवून टोमॅटोचे पीक येत नाही. पाऊस लांबला, कीड पडली, की भाज्यांचे भाव भडकतात आणि नवे पीक बाजारात आले की दोन-तीन महिन्यांत ते खाली येतात. व्याजदराचा परिणाम अर्थव्यवस्थेत उतरायला मात्र वर्षभराहून अधिक काळ लागतो. औषध लागू पडेपर्यंत दुखणे केव्हाच बरे झालेले असते आणि मागे उरतात ते औषधाचे दुष्परिणाम.

जुलै 2023 हे याचे ठसठशीत उदाहरण. जूनमध्ये 4.87 टक्के असलेली महागाई जुलैमध्ये एकदम 7.44 टक्क्यांवर गेली. 2012 पायाच्या निर्देशांकात टोमॅटोचे वजन होते अवघे 0.57 टक्के. पण त्या महिन्यात त्याचा भाव आदल्या वर्षीच्या तिपटीला पोहोचला होता, म्हणजे वाढ सुमारे 200 टक्क्यांची. ढोबळ हिशेबाने एकट्या टोमॅटोने देशाच्या महागाईत एक टक्क्याहून अधिक भर घातली. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला मिळणारे भाव तेव्हा देशभर बातम्यांत झळकत होते. ऑक्टोबरपर्यंत महागाई पुन्हा 4.87 टक्क्यांवर आली, नेमकी जूनमध्ये होती तिथे. पतधोरण समितीने या काळात व्याजदराला हात लावला नाही आणि ते योग्यच झाले. संपूर्ण निर्देशांकाचे उद्दिष्ट असले म्हणजे दर महिन्याच्या आकड्यामागे धावायचे, असा अर्थ होत नाही, हे यावरून दिसते.

मग अन्न वगळलेलेच बरे, असे का म्हणू नये? कारण हा प्रयोग आपण एकदा, निराळ्या नावाने, करून पाहिलेला आहे आणि त्याची किंमत मोजलेली आहे. 2014 पर्यंत रिझर्व्ह बँकेची नजर प्रामुख्याने घाऊक किंमत निर्देशांकावर असे आणि मागणीचा दाब ओळखण्यासाठी त्यातील अन्नेतर उत्पादित वस्तूंची महागाई पाहिली जाई. तीच त्या काळातली गाभा महागाई. 2013 च्या मध्याला ती तीन टक्क्यांच्या खाली होती. त्याच सुमारास ग्राहक महागाई दहा टक्क्यांच्या घरात होती आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ती अकरा टक्क्यांच्या वर गेली. अन्नाची भाववाढ तात्पुरती आहे, पुढच्या हंगामात उतरेल, असे जवळजवळ दरवर्षी सांगितले जात होते. डाळी, दूध, अंडी, भाज्या यांचे भाव मात्र एकामागून एक वर्षे चढत राहिले. रिझर्व्ह बँकेच्याच पाहणीत सामान्य कुटुंबे पुढच्या वर्षासाठी दोन अंकी महागाई गृहीत धरत होती. मुदत ठेवीवरचे व्याज महागाईच्या खाली गेल्यावर लोकांनी बँकेऐवजी सोन्याचा रस्ता धरला. सोन्याची आयात हे एक प्रमुख कारण होऊन 2012-13 मध्ये चालू खात्यावरील तूट जीडीपीच्या 4.8 टक्क्यांवर गेली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये रुपया कोसळला तेव्हा या सगळ्याचे बिल एकत्र आले. गाभा महागाई त्या काळात खोटे बोलत नव्हती, पण लोक ज्या महागाईत जगत होते आणि ज्या महागाईवर आपले निर्णय बेतत होते, ती निराळी होती.

ऊर्जित पटेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी 2014 च्या अहवालात संपूर्ण ग्राहक निर्देशांकाची शिफारस केली ती ही पार्श्वभूमी डोळ्यांसमोर ठेवून. अन्न आणि इंधन मिळून त्या वेळच्या निर्देशांकाचा 57 टक्क्यांहून अधिक भाग होतो आणि त्यावर पतधोरणाची थेट पकड नाही, हे त्या समितीला ठाऊक होते आणि तिने ते लिहूनही ठेवले. तरीही निवड बदलली नाही, कारण लोकांच्या अपेक्षा आणि वेतनाच्या मागण्या याच संपूर्ण आकड्यातून घडतात.

वेतनाचा मुद्दा तर केवळ मानसिकही नाही, तो नियमांतच लिहिलेला आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक निर्देशांकावर ठरतो, महाराष्ट्र सरकारचे कर्मचारी त्याच धर्तीवर भत्ता घेतात, आणि रोजगार हमीची मजुरी शेतमजुरांच्या ग्राहक निर्देशांकाशी जोडलेली राहिली आहे. या निर्देशांकांत अन्न आहे, शेतमजुरांच्या निर्देशांकात तर ते भरपूर आहे. म्हणून डाळ आणि भाजी वर्षभर महाग राहिली की ती वेतनात उतरते, वेतनातून खानावळीच्या, शाळेच्या, दुरुस्तीच्या, प्रवासाच्या दरांत उतरते, आणि मग ज्या गाभा महागाईत अन्न नसल्याची खात्री दिलेली होती, तिच्यात मागच्या दाराने शिरते. अन्नाची भाववाढ थोडकी आणि तुरळक असेल तर हा प्रवास होत नाही. ती लांबली आणि वारंवार येऊ लागली तर तो होतो. समितीने प्रत्येक वेळी तपासायची गोष्ट हीच आहे.

ज्या देशांनी गाभा महागाईलाच अधिकृत उद्दिष्ट केले होते, त्यांपैकी काहींनी नंतर आपला निर्णय फिरवला. दक्षिण कोरियाने 2007 पासून आणि थायलंडने 2015 पासून संपूर्ण निर्देशांकाचे उद्दिष्ट स्वीकारले. अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह गाभा महागाईची चर्चा सर्वाधिक करते, पण तिचे दोन टक्क्यांचे उद्दिष्ट संपूर्ण निर्देशांकाचे आहे. श्रीमंत देशांत अन्नाचा वाटा आपल्यापेक्षा कितीतरी कमी, तरीही ही काळजी त्यांनी घेतली.

आपल्याकडे गाभा महागाईची म्हणून जी संख्या वापरली जाते, ती आतून किती मिश्र आहे याकडेही पुरेसे लक्ष जात नाही. 2012 पायाच्या मालिकेत अन्न व पेये हा 45.86 टक्क्यांचा गट आणि इंधन व दिवाबत्ती हा 6.84 टक्क्यांचा गट काढून टाकला की जे 47.3 टक्के उरते, त्याला गाभा म्हणण्याचा प्रघात पडला. पण स्वयंपाकाचा गॅस, वीज, रॉकेल हे त्या इंधन गटात होते, पेट्रोल आणि डिझेल मात्र वाहतुकीच्या गटात होते. म्हणजे इंधन वगळले असे म्हणताना पेट्रोल आतच राहत होते. सोने वैयक्तिक वापराच्या वस्तूंमध्ये मोडत होते, त्याचे वजन जेमतेम 1.08 टक्के. ऑक्टोबर 2025 मध्ये सोन्याचा भाव वर्षभरात 50 टक्क्यांहून अधिक वाढलेला होता, आणि त्यामुळे चार टक्क्यांच्या वर दिसणारी गाभा महागाई सोने-चांदी काढल्यावर तीन टक्क्यांच्या खाली येत होती. सोन्याचा भाव मुंबईतल्या मागणीवर ठरत नाही, तो जगाच्या बाजारात ठरतो. अन्न वगळण्यासाठी जे कारण दिले जाते तेच सोन्यालाही लागू पडते, पण सूत्रात त्याला जागा नाही. कोणती वस्तू वगळायची याचा निर्णय एकदा माणसांच्या हाती गेला की, ज्या वर्षी जी वस्तू अडचणीची ठरेल ती वगळण्याचा मोह होणारच. संपूर्ण निर्देशांकात ही पळवाट नाही, आणि जबाबदारी निश्चित करायची तर नेमके हेच हवे असते. 2022 मध्ये सलग तीन तिमाह्या सरासरी महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली म्हणून रिझर्व्ह बँकेला कायद्यानुसार सरकारला कारणे देणारे पत्र लिहावे लागले. वगळण्याची मुभा असती तर त्या पत्राची वेळ आली असती की नाही, कोण जाणे.

अन्नाला निर्देशांकात फाजील वजन आहे, ही तक्रार मात्र रास्त होती. 2012 ची मालिका 2011-12 च्या खर्च पाहणीवर उभी होती आणि त्यानंतर लोकांचा खर्च बदलत गेला. 2023-24 च्या पाहणीत अन्नाचा वाटा ग्रामीण भागात सुमारे 47 टक्के आणि शहरी भागात सुमारे 40 टक्के निघाला. फेब्रुवारी 2026 मध्ये आलेल्या 2024 पायाच्या नव्या मालिकेत अन्न व पेयांचे वजन सुमारे 37 टक्क्यांवर आले आहे, यात काही भाग गटांच्या नव्या मांडणीचाही आहे. वजन जुने झाले तर ते नवे करायचे, हा या तक्रारीवरचा सरळ उपाय. वजन चुकले म्हणून वस्तूच काढून टाकणे हा उपाय नव्हे. ही पाहणी दहा-बारा वर्षे लांबू न देता पाच वर्षांनी नियमित झाली पाहिजे, एवढाच माझा त्यावर आग्रह आहे. ठरलेल्या गावांत आणि शहरांतल्या ठरलेल्या बाजारांत, ठरलेल्या दुकानात जाऊन, तीच प्रत आणि तेच माप विचारून दर महिन्याला भाव टिपून आणणाऱ्या कर्मचाऱ्यांचे कष्ट वजने शिळी झाल्यामुळे वाया जाऊ नयेत.

2024 मधला वाद मी नीट वाचला तेव्हा एक गोष्ट जाणवली. गाभा महागाई मे आणि जूनमध्ये सुमारे 3.1 टक्के, म्हणजे त्या मालिकेतील नीचांकावर होती, संपूर्ण महागाई पाचच्या आसपास रेंगाळत होती आणि रेपो दर 6.5 टक्क्यांवरच होता. समितीतील जयंत वर्मा आणि आशिमा गोयल या दोघा बाह्य सदस्यांनी जून आणि ऑगस्टमध्ये दरकपातीच्या बाजूने मत दिले. वर्मा यांचा युक्तिवाद पाहण्यासारखा होता. अन्न वगळा असे त्यांनी म्हटले नाही. पुढील काळात संपूर्ण महागाई जिथे येण्याचा अंदाज आहे, तिच्याशी तुलना केली तर खरा व्याजदर गरजेपेक्षा जास्त ठरतो आणि त्याने वाढीचे नुकसान होते, असे ते सांगत होते. त्यांच्याशी सहमत व्हायचे की नाही हा भाग वेगळा (मला त्यांच्या म्हणण्यात बरेच तथ्य वाटते), पण उद्दिष्ट तेच ठेवूनही वेगळा निर्णय घेता येतो हे त्यातून दिसले. आज ज्याला निर्देशांकाचा वाद म्हटले जाते, तो पुष्कळसा कालमर्यादेचा वाद आहे. आजच्या महागाईकडे पाहायचे की चार ते सहा तिमाह्यांनंतरच्या, हे स्पष्टपणे ठरले तर गाभा महागाईला आपोआप तिची योग्य जागा मिळते. सहा तिमाह्यांनी टोमॅटोचे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. तिथवर कोणती भाववाढ टिकून राहील याचा उत्तम सुगावा गाभ्यातूनच मिळतो.

अन्नमहागाईच्या नावाने होणारे सर्वांत मोठे नुकसान माझ्या मते व्याजदरातून झालेलेच नाही. ते व्यापारधोरणातून झाले, आणि त्याचा भार नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील कांदा उत्पादकांनी सोसला. टोमॅटोच्या त्या भडक्यानंतर लगेच, 19 ऑगस्ट 2023 रोजी, केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावले आणि लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. 8 डिसेंबरला निर्यातीवर थेट बंदी आली. मे 2024 मध्ये ती उठली तरी 40 टक्के शुल्क आणि प्रतिटन 550 डॉलर किमान निर्यातमूल्य राहिले, सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्के झाले, आणि ते पूर्ण हटायला एप्रिल 2025 उजाडला. निर्देशांकात कांद्याचे वजन होते 0.64 टक्के. संपूर्ण निर्देशांकाचे उद्दिष्ट आहे म्हणून सरकारला असे करावे लागते, हा गाभा महागाईच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मी ऐकला आहे आणि तो मला मान्य नाही. कांद्याच्या निर्यातीला आडकाठी करण्याची सवय महागाईचे उद्दिष्ट येण्याच्या कितीतरी आधीची आहे. ग्राहक हा मतदार आहे आणि कांदा दिसतो, एवढे कारण त्यासाठी पुरेसे होते. उद्या अन्न वगळून उद्दिष्ट ठेवले तर अन्नाच्या भावाची जबाबदारी एकट्या सरकारवर येईल, आणि सरकारच्या हाती झटपट चालणारे साधन पुन्हा निर्यातबंदीचेच असेल. गरिबांना थेट पैसे किंवा कूपन देऊन अन्नमहागाईची झळ कमी करावी, असे आर्थिक पाहणी अहवालाने सुचवले होते. सूचना चांगली आहे आणि ती आजच्या उद्दिष्टासोबतही अमलात आणता येते.

या सगळ्या वादाची कसोटी 2025 मध्ये उलट्या बाजूने लागली. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नाचे भाव आदल्या वर्षीपेक्षा पाच टक्क्यांनी खाली होते आणि संपूर्ण महागाई 0.25 टक्के, म्हणजे त्या मालिकेतील सर्वांत कमी होती, तर गाभा चार टक्क्यांच्या वर होता. आदल्या वर्षी अन्न वगळा म्हणणाऱ्यांनी तेच तत्त्व लावले असते तर त्यांना दरकपातीला विरोध करावा लागला असता, आणि तसा विरोध मला तरी फारसा ऐकू आला नाही. संपूर्ण निर्देशांकाच्या समर्थकांनाही सुटका नव्हती. पाव टक्क्याच्या महागाईला प्रमाण मानून व्याजदर तळाला न्यायचे, तर पुढच्या वर्षी भाज्या पूर्वपदावर येताच आकडा उसळणार हे उघड होते. रिझर्व्ह बँकेने डिसेंबरमध्ये रेपो दर पाव टक्क्याने कमी करून 5.25 टक्क्यांवर आणला. पुढील वर्षाचा अंदाज चार टक्क्यांच्या आसपास आणि सोने वगळता गाभा मवाळ, हे दोन्ही एकत्र पाहिले तर तो निर्णय समर्थनीय होता. पाव टक्क्याचा आकडा एकटा पुढे केला, तर तो नव्हता.

म्हणून पतधोरण समितीकडे एक साधी मागणी करावीशी वाटते. दर दोन महिन्यांच्या निवेदनात तिने चार आणि सहा तिमाह्यांनंतरच्या संपूर्ण महागाईचा अंदाज द्यावा, त्यातील किती भाग अन्नाचा, किती सोन्यासारख्या जागतिक भावांचा आणि किती देशांतर्गत सेवा व वस्तूंचा हे वेगळे सांगावे, आणि अन्नाची भाववाढ वेतनात व सेवांच्या दरांत उतरू लागल्याचा पुरावा दिसतो की नाही यावर आपले मत नोंदवावे. मग एखाद्या महिन्याच्या सात टक्क्यांकडे तिने दुर्लक्ष केले किंवा पाव टक्क्याला भुलली नाही, तर ते का, हे इचलकरंजीच्या कारखानदाराला आणि ठेवीवर जगणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला सारख्याच आकड्यांवरून तपासता येईल.